कलम सहा नेमके कोणते? मराठी दाव्यातील अंतर्गत संदर्भांची तपासणी

महाराष्ट्रातील तालुका किंवा जिल्हा न्यायालयात दाखल होणारा मराठी दिवाणी दावा ठरलेल्या मांडणीने लिहिलेला असतो. वर न्यायालयाचे नाव आणि पक्षकारांची नावे येतात. त्याखाली क्रमांक दिलेल्या कलमांत हकिकत येते, शेवटच्या कलमात ‘सबब विनंती की’ अशी सुरुवात करून मागण्या येतात आणि सर्वांत खाली सत्यापन व सही असते. मधली कलमे परस्परांचा आधार घेत चालतात. दाव्याचे कारण सांगणारे कलम नोटिशीच्या कलमाचा उल्लेख करते, मूल्यांकनाचे कलम विनंतीतील अक्षरांचा, विनंती मिळकतीच्या वर्णनाचा, तर सत्यापन सगळ्याच कलमांचा. साध्या वाटपाच्या दाव्यातही असे वीस-पंचवीस उल्लेख सहज निघतात. यातला एखादा चुकीच्या कलमावर गेला, तरी वाक्य वाचताना ते अडखळत नाही. शुद्धलेखन तपासणाऱ्याच्या डोळ्यांतून ही चूक म्हणूनच निसटते.

कलमांना क्रमांक द्यावेत हे दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश ६ नियम २ सांगतो. शक्य तेथे प्रत्येक कथन वेगळ्या कलमात असावे आणि तारखा, रकमा व संख्या अंकांबरोबर अक्षरांतही लिहाव्यात, असे त्याच नियमात आहे. आदेश ६ नियम १५ त्याच्याही पुढे जातो. सत्यापन करणाऱ्याने कोणत्या क्रमांकाच्या कलमांतील मजकूर स्वतःच्या माहितीने खरा आहे आणि कोणत्या कलमांतील मजकूर मिळालेल्या माहितीवरून खरा मानला आहे, हे कलमांचे क्रमांक देऊनच सांगावे लागते. म्हणजे इथे क्रमांक वाचकाच्या सोयीपुरता नसतो. सही करणारा काय जबाबदारीने सांगतो आहे, हे तो क्रमांक ठरवतो. पुढे प्रतिवादीची कैफियतही याच क्रमांकांना धरून येते. ‘दावा कलम ५ मधील मजकूर खोटा असून मान्य व कबूल नाही’ ही तिची नेहमीची भाषा आहे. आदेश ८ प्रमाणे एखादे कथन स्पष्टपणे नाकारले नाही, तर ते कबूल केल्यासारखे धरले जाऊ शकते. त्यामुळे कोणत्या क्रमांकाखाली काय लिहिले आहे, हे दोन्ही बाजूंना एकसारखेच दिसले पाहिजे.

संदर्भ बिघडतात ते बहुधा मसुदा जवळपास पूर्ण झाल्यावर, शेवटच्या दिवशी एखादे कलम मध्येच घालावे लागते तेव्हा. पुढील काल्पनिक दाव्यात तो सगळा प्रकार पाहता येतो.

एका बहिणीने दोन भावांविरुद्ध वाटपाचा दावा करायचे ठरवले आहे. आईवडील हयात नाहीत आणि तिचा हिस्सा १/३ आहे. पहिल्या मसुद्यात चौदा कलमे आहेत. कलम १ मध्ये मिळकती आहेत: अ आणि ब या दोन शेतजमिनी, क हे गावठाणातील घर. कलम २ मध्ये वंशावळ, ३ मध्ये मिळकती वडिलोपार्जित असल्याचा मजकूर, ४ मध्ये वडिलांचा मृत्यू आणि वारसांचा फेरफार, ५ मध्ये थोरला भाऊ एकटाच जमीन कसतो व उत्पन्न देत नाही ही तक्रार. कलम ६ वाटपाच्या मागणीचे व नोटिशीचे, कलम ७ नोटिशीला आलेल्या नकाराचे आणि मिळकत परस्पर विकण्याच्या धमकीचे. कलम ८ मध्ये हिस्सा आहे. त्यापुढे ९ दाव्यास कारण, १० मुदत, ११ अधिकारक्षेत्र, १२ मूल्यांकन व कोर्ट फी, १३ याच विषयाचा दुसरा दावा नसल्याचे कथन आणि १४ विनंती. विनंतीत अ वाटप व ताबा, ब शेतजमिनींचे वाटप कलेक्टरमार्फत व घराचे कोर्ट कमिशनरमार्फत व्हावे ही मागणी, क निरंतर मनाई, ड ताबा मिळेपर्यंतच्या उत्पन्नाची चौकशी, इ खर्च आणि फ इतर योग्य हुकूम.

दावा दाखल करण्याच्या आदल्या दिवशी बहीण नवा सातबारा आणते. ब जमिनीवर तिऱ्हाइताचे नाव लागलेले असते. थोरल्या भावाने ती जमीन नोंदणीकृत खरेदीखताने विकली आहे. आता खरेदीदार प्रतिवादी क्रमांक ३ होतो, खरेदीखताची हकिकत कलम ५ नंतर नव्या कलम ६ मध्ये येते, आणि हे खरेदीखत वादीच्या १/३ हिश्शापुरते बंधनकारक नाही ही नवी मागणी विनंतीत ब म्हणून बसते. मजकूर म्हणाल तर दोन परिच्छेद वाढले. पण जुने ६ ते १४ आता ७ ते १५ झाले आहेत आणि विनंतीतील जुने ब ते फ हे क ते ग झाले आहेत.

तपासणीची सुरुवात विनंतीपासून करणे सगळ्यात फायद्याचे ठरते, कारण न्यायालयाने काय द्यायचे ते तिथेच लिहिलेले असते. विनंती ड, म्हणजे आताची मनाईची मागणी, म्हणते: ‘कलम ७ मध्ये नमूद केल्याप्रमाणे उभय प्रतिवादी मिळकतींचे हस्तांतरण करण्याच्या बेतात असल्याने त्यांना निरंतर ताकीद व्हावी.’ इथे दोन दोष आहेत. धमकीची हकिकत आता कलम ८ मध्ये आहे. कलम ७ वर फक्त वाटपाची मागणी आणि नोटीस उरली आहे. दुसरा दोष आकड्यात नाही, शब्दात आहे. ‘उभय’ म्हणजे दोघे. प्रतिवादी आता तीन झाले, आणि नुकतीच जमीन घेतलेला खरेदीदारच त्या शब्दामुळे मनाईतून सुटतो. ‘उभय’, ‘दोन्ही’, ‘प्रतिवादी बंधू’ अशा शब्दांत संख्या दडलेली असते आणि क्रमांक शोधणाऱ्याला ते सापडत नाहीत. प्रतिवादी वाढला किंवा कमी झाला की असे शब्द मुद्दाम हुडकावे लागतात. ‘प्रतिवादी क्र. १ ते ३’ असे अंकांत लिहिणे हा त्यावरचा साधा उपाय आहे.

मूल्यांकनाच्या कलमातली चूक आणखी महागात पडते. जुना मजकूर होता: ‘विनंती कलम अ करिता वादीच्या हिश्शाचे मूल्य व विनंती कलम क करिता मनाईचे मूल्य धरून कोर्ट फी दिली आहे.’ आता क म्हणजे कलेक्टरमार्फत वाटपाची मागणी. मजकूर तसाच राहिला, तर मनाईचे मूल्य भलत्याच मागणीसमोर दिसते, मनाईच्या मागणीसमोर काहीच नसते आणि खरेदीखताविषयीच्या नव्या ब मागणीचे मूल्यांकन तर झालेलेच नसते. दावा कमी मूल्याचा किंवा कमी मुद्रांकाचा आहे असा आक्षेप आला, की न्यायालय ठरावीक मुदतीत दुरुस्ती करायला सांगते. ती केली नाही, तर आदेश ७ नियम ११ खाली दावा नामंजूर होऊ शकतो. म्हणून विनंतीत एक अक्षर वाढले की मूल्यांकनाच्या कलमात एक ओळ वाढली का, हे त्याच बैठकीत पाहायचे असते.

इथे अक्षरांची आणखी एक अडचण समोर येते. मिळकती अ, ब, क आहेत आणि मागण्याही अ, ब, क आहेत. मूल्यांकनात नुसते ‘ब चे मूल्य’ लिहिले, तर ती ब जमीन की ब मागणी? या दाव्यात तर ब मागणी ब जमिनीविषयीच असल्याने गोंधळ दुप्पट होतो. प्रत्येक वेळी ‘मिळकत १ब’ आणि ‘विनंती ब’ असे पूर्ण लिहिणे भाग आहे. शिवाय मराठीत उपक्रमांकांची एकच माळ नाही. कोणी अ, ब, क, ड, इ लिहितो, कोणी अ, आ, इ, ई, तर कोणी क, ख, ग, घ. ‘इ’ हे अक्षर पहिल्या माळेत पाचवे आणि दुसऱ्या माळेत तिसरे येते. ‘क’ पहिल्या माळेत तिसरे आणि शेवटच्या माळेत पहिले. दावा एकाने आणि मनाईचा अर्ज दुसऱ्याने टाइप केला की हे घोटाळे उगवतात. बारीक ठशात ‘इ’ आणि ‘ड’ ही अक्षरेही एकमेकांसारखी दिसतात. विनंतीला अक्षरांऐवजी अंक दिले, म्हणजे ‘विनंती १५(१)’, ‘१५(२)’ असे केले, तर हा सगळा प्रश्नच मिटतो. वकिलांच्या जुन्या मसुद्यांत अक्षरेच असतात म्हणून ती चालत राहतात, एवढेच.

आता दाव्यास कारणाचे कलम. ते नव्या क्रमांकाने १० झाले आहे. त्यात लिहिले होते: ‘वादीने कलम ६ मध्ये नमूद तारखेस मागणी केली व प्रतिवादींनी नकार दिला तेव्हा दाव्यास कारण घडले.’ नवे कलम ६ खरेदीखताचे. तिथेही एक तारीख आहेच, त्यामुळे वाचणाऱ्याला वाक्य बरोबरच वाटते. संदर्भ जिथे जातो तिथे काहीच नसेल, तर चूक लगेच सापडते. तिथे जवळपासचाच मजकूर असेल, तर ती सुखाने लपून राहते. इथे मागणीची तारीख आणि खरेदीखताची तारीख यांची अदलाबदल होते आणि मुदतीचा वाद निघाला तर वादीच्याच दाव्यातून तिच्याविरुद्ध मुद्दा निघतो. दुरुस्ती दोन भागांत होते: ६ चे ७ करणे, आणि खरेदीखताची माहिती वादीला कधी झाली ती तारीख कारणात नव्याने घालणे. दुसरी गोष्ट कोणताही शोध सुचवत नाही. नवी मागणी आली की तिचे कारणही आले का, असे विचारूनच ती सापडते.

‘ते’ने जोडलेले आकडेही विचार करूनच बदलावे लागतात. एखाद्या कलमात ‘कलम ५ ते ७ मध्ये नमूद घटनांवरून’ असे असेल, तर ते ‘५ ते ८’ होते आणि नवे कलम ६ आपोआप त्यात येते. इथे ते चालते, कारण विक्री हीही त्या घटनांपैकीच एक आहे. पण एखाद्या आकड्यांच्या रांगेत नवे कलम बसत नसेल, तर ‘कलम ५, ७ व ८’ असे सुटे करून लिहायचे.

सत्यापनात हेच प्रकर्षाने घडते. मूळ मजकूर होता: ‘कलम १ ते ८ मधील मजकूर माझ्या व्यक्तिगत माहितीप्रमाणे व कलम ९ ते १३ मधील मजकूर मिळालेल्या माहिती व कायदेशीर सल्ल्याप्रमाणे खरा आहे.’ नुसता एक वाढवला तर ‘१ ते ९’ आणि ‘१० ते १४’ असे होईल. आकड्यांचे गणित जुळते, पण वस्तुस्थिती जुळत नाही. खरेदीखत झाले तेव्हा बहीण तिथे नव्हती. तिला ते सातबाऱ्यावरून आणि दस्ताच्या नकलेवरून कळले. तेव्हा बरोबर सत्यापन असे होते: कलम १ ते ५ व ७ ते ९ व्यक्तिगत माहितीप्रमाणे, कलम ६ व १० ते १४ मिळालेल्या माहितीवरून खरे मानून. उलटतपासणीत ‘खरेदीखत तुमच्यासमोर झाले का?’ हा प्रश्न येणार असतो. त्या वेळी सत्यापनातला आकडा तिला अडचणीत आणू नये.

संगणकावरची ‘शोधा आणि बदला’ ही सोय या कामात जपून वापरावी लागते. पहिला धोका क्रमाचा. आधी ६ चे ७ केले आणि मग ७ चे ८ केले, तर नुकतेच ७ झालेले सहासुद्धा ८ होतात, आणि शेवटपर्यंत गेल्यावर सगळे संदर्भ १५ वर येऊन थांबतात. म्हणून बदल मोठ्या आकड्यापासून करत खाली यायचे: १४ चे १५, मग १३ चे १४, आणि शेवटी ६ चे ७. नवा मजकूर घालण्यापूर्वीच हे उरकावे, नाहीतर नव्या मजकुरातले बरोबर क्रमांकही ढकलले जातात. ‘कलम १’ शोधल्यावर ‘कलम १०’ पासून ‘कलम १५’ पर्यंत सगळेच सापडतात, हेही ध्यानात ठेवावे. काही आकडे देवनागरीत ‘६’ आणि काही रोमन ‘6’ टाइप झालेले असतील, तर एक शोध अर्धेच दाखवतो.

दुसरा धोका ‘कलम’ या शब्दाचाच आहे. मराठी दाव्यात परिच्छेदालाही कलम म्हणतात, विनंतीच्या भागालाही आणि कायद्यातल्या तरतुदीलाही. या दाव्याच्या हिश्शाच्या कलमात ‘हिंदू वारसा कायदा, १९५६ चे कलम ६’ असा उल्लेख आहे. मुलीला सहदायाद म्हणून हक्क देणारे, २००५ मध्ये बदललेले, ते हेच कलम. सरसकट बदल केला, तर तिथे कलम ७ होते. त्या कायद्याचे कलम ७ केरळ-कर्नाटकाकडील तरवाड आणि तत्सम कुटुंबांच्या मिळकतीविषयी आहे. बहिणीचा हक्क ज्या आधारावर उभा आहे, तोच एका कळीत निघून जातो. म्हणून एकेक ठिकाण पाहूनच बदल करावा. मसुद्यात सुरुवातीपासून ‘दावा कलम ६’, ‘विनंती कलम ब’ आणि ‘... कायद्याचे कलम ६’ अशी तीन वेगळी रूपे पाळली, तर पुढचा शोधही नेमका होतो.

वर्डमध्ये कलमांना आपोआप क्रमांक देऊन संदर्भ Cross-reference या सोयीने घातले, तर Ctrl+A आणि मग F9 दाबल्यावर ते सगळे नव्याने जुळतात. ज्या कलमावर संदर्भ होता ते कलम पुसले गेले असेल, तर त्या जागी Error! Reference source not found. असे उमटते, आणि ते छापील प्रतीत गेलेले नाही ना, हे पाहावे लागते. मात्र या सोयीला मर्यादा आहे. एका कलमाची दोन कलमे केली, तर संदर्भ खुणेबरोबर एकाच तुकड्यावर राहतो. मजकूर दुसऱ्या तुकड्यात गेला हे त्याला कळत नाही. ‘वरील कलमात’, ‘मागील कलमात’, ‘पुढे नमूद केल्याप्रमाणे’, ‘सदर मिळकत’ अशा शब्दांतल्या संदर्भांपर्यंतही ती पोहोचत नाही. आपल्या दाव्यात नोटिशीचे कलम ‘वरील कलमात नमूद उत्पन्नाचा हिशोब मागितला’ असे सुरू होत होते. त्याच्या वर आता उत्पन्नाचे कलम नाही, खरेदीखताचे आहे. ‘वरील’ काढून तिथे ‘कलम ५ मध्ये’ लिहिणे हाच उपाय.

यंत्राने आकडे जुळवले तरी अर्थ माणसालाच जुळवावा लागतो. त्यासाठीची जुनी आणि भरवशाची रीत दोघांनी वाचण्याची आहे. एकाच्या हातात एक छापील प्रत, दुसऱ्याच्या हातात दुसरी. पहिला शेवटापासून, म्हणजे सत्यापन आणि विनंतीपासून मागे येत फक्त संदर्भ वाचतो: ‘विनंती ड, कलम ८, हस्तांतरणाची धमकी.’ दुसरा कलम ८ उघडून त्यात काय आहे ते स्वतःच्या शब्दांत सांगतो. जुळले की दोन्ही प्रतींवर खूण करायची. उलट क्रमाने वाचल्यामुळे हकिकतीच्या ओघात मन वाहून जात नाही आणि प्रत्येक संदर्भ सुटा दिसतो. एकट्याने काम करायचे असेल तर कागदावर तीन रकाने आखावेत: संदर्भ कुठे आहे, कोणत्या कलमाकडे जातो, तिथे प्रत्यक्ष काय आहे. तिसरा रकाना आठवणीने भरायचा नाही, दर वेळी ते कलम उघडूनच भरायचा.

त्यानंतर एकदा दुसऱ्या दिशेने पाहायचे. मिळकतीच्या कलमापासून पुढे येत प्रत्येक तक्रारीला विनंतीत मागणी आहे का आणि प्रत्येक मागणीला मागे हकिकत आहे का, हे तपासायचे. आदेश ७ नियम ७ प्रमाणे मागणी स्पष्ट लिहावी लागते. शेवटच्या ‘इतर योग्य व न्याय्य हुकूम’ या ओळीच्या भरवशावर मुख्य मागणी सोडता येत नाही. मिळकतीचे वर्णन मात्र कलम १ मध्ये एकदाच, सातबाऱ्याशी ताडून, गट नंबर, क्षेत्र आणि चतुःसीमांसह द्यावे आणि विनंतीत ‘दावा कलम १ मध्ये वर्णन केलेल्या मिळकती’ एवढेच म्हणावे. तेच वर्णन दोन ठिकाणी लिहिले की एका ठिकाणी गट नंबरातल्या १ चा ९ होतो आणि दोन्हींपैकी खरे कोणते, हा नवा वाद तयार होतो.

दाव्यासोबतच्या कागदांनाही हाच हिशोब लागतो. निशाणी ५ चा तूर्तातूर्त ताकिदीचा अर्ज बहुधा दाव्याचाच मजकूर घेऊन केलेला असतो, पण त्याची स्वतःची कलमे वेगळ्या क्रमांकांची असतात. त्यात ‘कलम ८’ असे नुसते राहिले, तर ते अर्जाचे की दाव्याचे हे कळत नाही. तिथे ‘दावा कलम ८’ हवे. कागदयादीत खरेदीखताची नक्कल मध्येच आली, तर दाव्यातल्या ‘यादीतील अ. क्र. ४’सारख्या उल्लेखांचेही आकडे सरकतात. आणि प्रतिवादींना द्यायच्या प्रती आदल्या संध्याकाळीच जुन्या मसुद्यावरून छापून ठेवलेल्या असतील, तर त्या बाजूला काढाव्या लागतात. नाहीतर प्रतिवादी कलम ६ ला उत्तर देतो ते नोटिशीला आणि न्यायालय वाचते ते खरेदीखताला दिलेले उत्तर म्हणून.

दावा एकदा दाखल झाला की क्रमांकांना हात लावायचा नाही. पुढे नवी हकिकत घालायची झाली, तर आदेश ६ नियम १७ खाली दुरुस्ती अर्ज द्यावा लागतो, आणि मंजुरी मिळाल्यावर नवा मजकूर ‘६अ’ म्हणून कलम ६ आणि ७ च्या मध्ये बसवतात. पुढच्या कलमांचे क्रमांक तसेच राहतात, कारण कैफियत, साक्षीची शपथपत्रे आणि न्यायालयाने काढलेले मुद्दे त्याच क्रमांकांना धरून असतात. दुरुस्ती किती दिवसांत करायची हे हुकमात सांगितले नसेल, तर ती चौदा दिवसांत करावी लागते. त्या वेळी विनंतीत ‘बब’ किंवा ‘ब-१’ आले, तर मूल्यांकनात आणि सत्यापनातही ‘६अ’ आणि ‘ब-१’ येतात का, एवढी पाहणी पुन्हा करायची असते.

शेवटी दावा मंजूर झाला की हुकूमनाम्यात ‘दावा कलम १ मधील मिळकती’ असे शब्द दाव्यातूनच उतरतात. हुकूमनामा निकालाशी जुळता असावा आणि मिळकत ओळखता येईल इतके वर्णन त्यात असावे, असे आदेश २० सांगतो. शेतजमिनींच्या वाटपासाठी कागद संहितेच्या कलम ५४ प्रमाणे कलेक्टरकडे जातात. तिथे मोजणी करणाऱ्याच्या हाती साक्षीपुरावा नसतो, हुकूमनाम्यातले वर्णन असते. हुकूमनाम्यातली लेखनाची किंवा आकडेमोडीची चूक कलम १५२ खाली केव्हाही दुरुस्त करून मिळू शकते. पण जी मागणी दाव्यात केलीच नव्हती, ती या कलमाखाली मिळत नाही. या दाव्यात ‘उभय’ हा शब्द तसाच राहिला असता, तर खरेदीदाराविरुद्धची मनाई अशाच न केलेल्या मागण्यांत गेली असती.